‘क़िफ़्’मधला वाव कुठे गेला? अरबी आज्ञार्थाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाती देशांतल्या रस्त्यांवर ‘थांबा’ची लाल अष्टकोनी पाटी असते. तिच्यावर अरबीत दोनच अक्षरं असतात, क़ाफ़ आणि फ़ा. वाचायचं ‘क़िफ़्’. शब्दकोशात मात्र ‘थांबणे’ या क्रियापदाचा धातू व-क़-फ़ असा तीन अक्षरांचा आहे, आणि त्यातला व म्हणजे वाव हे अक्षर. शिकणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न या पाटीपाशीच सुरू होतात, म्हणून हे पानही तिच्याभोवतीच बांधलं आहे.

वाचण्याआधी लेखनाची एक गोष्ट सांगतो. इथले अरबी शब्द संस्कृतसारखे वाचा. अक्षराचा पाय मोडला असेल तर स्वर नाही, मोडला नसेल तर शेवटचा ‘अ’सुद्धा उच्चारायचा. ‘क़ुल्’ आणि ‘क़ुल्न’ यांतला फरक त्याशिवाय कळणार नाही. क़ म्हणजे घशाच्या मागून येणारा क. ऐन, साद, मोठा हा असे इतर फरक इथे दाखवलेले नाहीत, कारण आपल्या विषयाला त्यांची गरज पडत नाही.

आज्ञार्थ थेट धातूपासून का बनवत नाहीत? मधेच मज्ज़ूम कशाला?

मराठीत आपण धातू उचलतो आणि हुकूम सोडतो: बस, ऊठ, बोल. अरबीतही तसं करायला गेलात तर साध्या क्रियापदांत निभावून जाईल, पण वाव किंवा ‘या’ हे य-चं अक्षर असलेला, म्हणजे दुर्बल, धातू आला की फजिती होईल. क़-व-ल या धातूपासून थेट आज्ञार्थ बनवणारा विद्यार्थी ‘उक़्वुल्’ लिहितो. साच्याप्रमाणे ते बरोबर आहे, पण असा शब्द अरबीत नाही. म्हणून आज्ञार्थ मज्ज़ूमपासून, म्हणजे शेवट तोडलेल्या वर्तमानकाळाच्या रूपापासून, बनवतात.

धातूत वाव किंवा या असल्यामुळे जी काही मोडतोड व्हायची, ती मज्ज़ूम रूपातच होऊन गेलेली असते. आज्ञार्थाला ते रूप आयतं मिळतं. त्यामुळे दुर्बल धातूंचे आज्ञार्थ वेगळे पाठ करायचे नसतात. मज्ज़ूम नीट बनवता आलं की आज्ञार्थासाठी एक अक्षर काढायचं आणि काय उरलं ते बघायचं, एवढंच काम राहतं.

इराकमधल्या कूफ़ा आणि बसरा या दोन शहरांतल्या जुन्या वैयाकरणांत यावरून वादही होता. कूफ़ाचे लोक म्हणत, आज्ञार्थ हा मुळात मज्ज़ूमच आहे, त्याच्या पुढची अक्षरं तेवढी गळली आहेत. बसराचे म्हणत, छे, ते स्वतंत्र आणि न बदलणारं रूप आहे. पाठ्यपुस्तकांतून सहसा बसराचं मत छापलं जातं. शिकवताना मात्र मी कूफ़ाच्या वाटेने जातो, कारण तिथे पाठ कमी करावं लागतं.

मज्ज़ूम म्हणजे नक्की काय?

वर्तमानकाळाच्या क्रियापदाला शेवटी एक लहान ‘उ’ असतो: तक्तुबु, ‘तू लिहितोस’. ‘जज़्म’ म्हणजे तोडणे. तो उ तोडला की तक्तुब् होतं, आणि हेच मज्ज़ूम. नकारार्थी आज्ञेत ते उघड दिसतं: ला तक्तुब्, ‘लिहू नकोस’. आपल्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा.

जिथे शेवटी उ नसून ‘न’ असतो, तिथे तो न जातो. स्त्रीला उद्देशून तक्तुबीनचं तक्तुबी, दोघांना तक्तुबानिचं तक्तुबा, पुरुषांना किंवा मिश्र गटाला तक्तुबूनचं तक्तुबू. अनेक स्त्रियांच्या तक्तुब्नमधला न मात्र कुठेच जात नाही, कारण तो ‘तुम्ही बायका’ हाच अर्थ सांगतो.

म्हणजे समोर कोण आहे त्यावरून पाच रूपं झाली. मराठीत ‘बोल’ आणि ‘बोला’ यांवर भागतं, बाईसाठी वेगळं रूप लागत नाही. इथे ते लागतं, आणि दुर्बल धातूंत नेमकं याच रूपापाशी लोक घसरतात.

मग आज्ञार्थाची कृती काय?

तक्तुब् घ्या आणि पुढचा त काढा. ‘क्तुब्’ उरतं. पहिल्याच अक्षराला स्वर नाही, आणि असा शब्द अरबीत सुरू होऊ शकत नाही. म्हणून पुढे टेकू म्हणून अलिफ लावतात: उक्तुब्, ‘लिही’. आपल्याकडे स्टेशनचं इस्टेशन आणि स्कूलचं इस्कूल होतं ते याच अडचणीतून.

त काढल्यावर उरलेल्या पहिल्या अक्षराला स्वर असेल, तर टेकू लावायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या उत्तरांना तेच पुरतं.

टेकूच्या अलिफला इ द्यायचा की उ?

धातूच्या मधल्या अक्षराला उ असेल तर उ, नाहीतर इ. तक्तुब् → उक्तुब्, तज्लिस् → इज्लिस् (बस), तफ़्तह् → इफ़्तह् (उघड). तिसऱ्या उदाहरणात मधे अ असूनही अलिफला अ मिळत नाही. ‘अफ़्तह्’ म्हटलंत तर ‘मी उघडू’ असा अर्थ होईल.

आणि हा टेकू आहे, भिंत नव्हे. आधी दुसरा शब्द आला की त्याच्या स्वरावर काम भागतं आणि अलिफ बोलण्यातून जातो, लिहिण्यात राहतो. कुराणात २९व्या सूरेत ४५वी आयत ‘उत्लु मा ऊहिय इलैक’ अशी सुरू होते, आणि १८व्या सूरेत २७वी ‘वत्लु मा ऊहिय इलैक’ अशी. ‘वाच’ हाच आज्ञार्थ दोन्हीकडे आहे, पण दुसरीकडे आधी ‘व’ म्हणजे ‘आणि’ आल्यामुळे उ ऐकू येत नाही.

आता पाटीचं सांगा. ‘क़िफ़्’मधला वाव गेला कुठे?

तो आज्ञार्थात गेलेला नाही, वर्तमानकाळातच गेला होता. वक़फ़ म्हणजे ‘तो थांबला’. वर्तमानात नियमाने यौक़िफ़ु व्हायला हवं, पण अ आणि इ यांच्या कचाट्यात सापडलेला वाव अरबी जीभ गाळते, आणि यक़िफ़ु होतं. त-, न- किंवा अ- पुढे असलेल्या रूपांतही मग तोच प्रकार होतो. तक़िफ़ु → मज्ज़ूम तक़िफ़् → त काढला → क़िफ़्. पहिल्या क़ला इ आहे, म्हणजे टेकू नको. पाटीवर दोनच अक्षरं उरली ती अशी.

बाकीची रूपंही सरळ आहेत: क़िफ़ी, क़िफ़ा, क़िफ़ू, क़िफ़्न.

गेलेला वाव बघायचा असेल तर जवळच बहुधा दुसरी पाटी सापडेल: ‘मम्नूउल्-वुक़ूफ़’, गाडी उभी करण्यास मनाई. धातू तोच, पण नाम असल्यामुळे वाव जागेवर आहे. आणि त्याहून जवळ बघायचा असेल तर आपल्या मराठीत बघा. ‘वक्फ’ची जमीन म्हणजे व्यवहारातून थांबवून ठेवलेली जमीन, धातू हाच. वजन आणि वसूल हे शब्दही अशाच धातूंतून आपल्याकडे आले. त्यांचे अरबी आज्ञार्थ ज़िन् (वजन कर) आणि सिल् (पोहोच). मराठी शब्दाच्या सुरुवातीचा व झाका, उरतो तो आज्ञार्थाचा सांगाडा. अरबी व्याकरणात अशा धातूला ‘मिसाल’ म्हणतात, म्हणजे सारखा. भूतकाळात तो धडधाकट धातूसारखाच दिसतो म्हणून हे नाव.

सुरुवातीला वाव असला की तो नेहमीच गळतो का?

नाही. वर्तमानात मधला स्वर इ असेल तर गळतो. काही क्रियापदांत मधे अ दिसतो तरी वाव गेलेला असतो, जसं वहब, यहबु (देणे). तिथे मूळचा इ होता, शेजारच्या घशातल्या ह मुळे त्याचा अ झाला, असं वैयाकरण सांगतात. त्याचा आज्ञार्थ हब्. ‘रब्बि हब् ली’, ‘माझ्या प्रभू, मला दे’, या प्रार्थनेतला तो हाच.

पण वजिल (धास्तावणे) या क्रियापदाचं वर्तमान यौजलु आहे, वाव शाबूत. मग मज्ज़ूम तौजल्, त काढला की पुढे बिनस्वराचा वाव उरतो, टेकू लागतो, आणि इ-च्या मागे तो वाव स्वतःच या होऊन जातो: ईजल्. धातूच्या सुरुवातीला या असेल तर तोही टिकतो. ही रूपं रोजच्या वाचनात क्वचितच भेटतात.

मी ‘औक़िफ़्’ असंही वाचलंय. ते चूक आहे का?

चूक नाही, दुसरं क्रियापद आहे. क़िफ़् म्हणजे तू थांब, औक़िफ़् म्हणजे थांबव, उदाहरणार्थ गाडी. हे चौथ्या साच्यातलं, प्रयोजक क्रियापद. मराठीत थांब आणि थांबव यांत जो व आहे, त्याचं काम अरबीत पुढचा हम्ज़ा, म्हणजे घसा क्षणभर अडवून उच्चारायचं व्यंजन, करतो. हा हम्ज़ा टेकू नाही, तो धातुरूपाचाच भाग आहे, म्हणून आधी काहीही आलं तरी तो गळत नाही, आणि त्याचा स्वर नेहमी अ असतो. वर्तमानात तो दडलेला असतो, आज्ञार्थात त गेला की परत येतो.

परीक्षेत ‘थांब’ला औक़िफ़् लिहिणारे बरेच असतात, कारण वाव दिसला की त्यांना हायसं वाटतं.

‘क़ुल्’ कसं बनतं? मधला वाव कुठे गेला?

क़ाल म्हणजे म्हणाला, यक़ूलु म्हणजे म्हणतो. अशा धातूला ‘अज्वफ़’ म्हणतात, शब्दशः पोकळ. मधलं अक्षर व्यंजन म्हणून उभंच राहत नाही, त्याचा दीर्घ स्वर होतो.

तक़ूलु याचं मज्ज़ूम करायचं म्हणजे शेवटच्या लचा पाय मोडायचा. तक़ूल् झालं. आता एकाच उच्चारखंडात दीर्घ ऊ आणि मागे बिनस्वराचा ल् अशी गर्दी झाली, ती अरबीला चालत नाही. म्हणून ऊ आखूड होतो: तक़ुल्. त काढा: क़ुल्. क़ला स्वर आहेच, टेकू नको.

म्हणजे ऊ आखूड होण्याचं कारण फक्त तो पाय मोडलेला ल् आहे. जिथे लला स्वर मिळेल तिथे गर्दी संपली, ऊ परत आला पाहिजे. आणि तो येतोच. या एका क्रियापदाची पाचही रूपं कुराणात आहेत, त्यामुळे पडताळा बसल्या जागी घेता येतो.

एका पुरुषाला: क़ुल्. ११२वी सूरा ‘क़ुल् हुवल्लाहु अहद्’ अशी सुरू होते.
एका स्त्रीला: क़ूली. १९:२६ मध्ये मरियमला सांगितलंय, ‘फ़क़ूली इन्नी नज़र्तु…’, ‘तर म्हण, मी नवस केला आहे…’
दोघांना: क़ूला. २०:४४ मध्ये मूसा आणि हारून यांना, ‘फ़क़ूला लहू क़ौलन् लय्यिना’, ‘त्याच्याशी मऊ शब्दांत बोला’.
अनेकांना: क़ूलू. २:१३६, ‘क़ूलू आमन्ना बिल्लाहि’.
अनेक स्त्रियांना: क़ुल्न. ३३:३२ मध्ये पैगंबरांच्या पत्नींना, ‘व क़ुल्न क़ौलन् मारूफ़ा’.

ली, ला, लू यांत लला स्वर आहे, तिथे ऊ दीर्घ आहे. क़ुल् आणि क़ुल्न यांत ल् बिनस्वराचा आहे, तिथे उ ऱ्हस्व आहे. सगळा नियम एवढाच. २०:४४ मधला ‘क़ौल’ आपल्याला ओळखीचा आहेच. देवाला लावतात तो कौल आणि कौलनाम्यातला कौल याच शब्दातून आला, आणि त्यातला औ म्हणजेच हरवलेला वाव.

उ की इ की अ, हे पोकळ धातूत कसं ठरवायचं?

भूतकाळावरून ठरवता येत नाही, सगळीकडे आ-च दिसतो: क़ाल, सार, नाम. वर्तमान बघा. यक़ूलु → क़ुल्. यसीरु → सिर् (चाल). यनामु → नम् (झोप). वर्तमानातला दीर्घ स्वर आखूड केला की काम झालं. म्हणून पोकळ क्रियापद पाठ करताना भूत आणि वर्तमान अशी जोडीच पाठ करायची. नुसतं ‘नाम’ पाठ करणारा पुढे कधीतरी ‘नुम्’ म्हणतो.

‘क़ुलिल्-हम्दु लिल्लाह’मध्ये लला इ मिळाला. मग ऊ परत का आला नाही?

हा प्रश्न जो विचारतो त्याला नियम खरोखर कळला आहे. तो इ लचा स्वतःचा नाही. पुढे ‘अल्’ आला, दोन बिनस्वर ल् एकमेकांना भिडले, म्हणून बोलण्यापुरता तो उसना घेतला. अरबी उसन्या स्वराला जमेत धरत नाही. क़ूलीमधला ई मात्र ‘तू, बाई’ असा अर्थ घेऊन आलेला आहे, तो रूपाचाच भाग आहे.

मागे जोडलेल्या सर्वनामानेही ऊ परत येत नाही: ज़ुर्नी म्हणजे ‘मला भेटायला ये’. तिथे र् बिनस्वरच राहतो.

दुबईत सगळे ‘रूह’, ‘शूफ़’ म्हणतात, दीर्घ. ते चुकीचं बोलतात का?

बोलीभाषांत पोकळ क्रियापदाच्या आज्ञार्थात दीर्घ स्वर तसाच ठेवतात. रूह् (जा), शूफ़् (बघ), आणि आखाताच्या बोलीत क़चा ग होऊन गूल् (सांग). बोलीच्या नियमाने ते बरोबरच आहे. लिखित अरबीत मात्र रुह् आणि क़ुल्.

रत्नागिरी-रायगडकडची बरीच मंडळी आधी आखातात बोली शिकतात आणि मग व्याकरणाकडे वळतात. त्यांची चूक नेमकी इथे होते: कानावर ‘गूल्’ बसलेलं असतं, म्हणून हात क़ाफ़, वाव, लाम लिहून मोकळा होतो. अशा पोकळ क्रियापदाच्या लिहिलेल्या आज्ञार्थात मधे वाव दिसला तर शेवटी ई, आ किंवा ऊ आहे का बघा. नसेल तर तो वाव बोलीतून घुसलेला आहे.

सिर् आणि क़िफ़् दिसायला सारखेच. धातू कोणत्या जातीचा हे कसं ओळखायचं?

एकेरी रूपावरून ओळखता येत नाही. दोन्हींत दोन अक्षरं, पहिल्याला इ. बहुवचन करून बघा. सिर्चं सीरू होतं, या परत येतो, म्हणजे पोकळी मधे होती. क़िफ़्चं क़िफ़ू होतं, काहीच लांबत नाही, म्हणजे गेलेलं अक्षर पहिलं होतं आणि ते परत येणार नाही.

कुराणात ‘क़ुल् सीरू फ़िल्-अर्द’ (२७:६९), ‘सांग, पृथ्वीवर हिंडा’, हे वाक्य या पाठासाठीच केल्यासारखं आहे. एकाला सांगितलंय म्हणून क़ुल् ऱ्हस्व, अनेकांना सांगितलंय म्हणून सीरू दीर्घ. त्याच्या शेजारी ३७:२४ मधलं ‘वक़िफ़ूहुम्’, ‘आणि त्यांना उभं करा’, ठेवा. इथला सुरुवातीचा व ‘आणि’चा आहे, धातूचा नव्हे. धातूचा वाव कधीच गेला. विद्यार्थी हमखास फसतात आणि म्हणतात, सर, हा बघा, वाव आला की!

धातूच्या शेवटी वाव किंवा या असेल तर?

अशा धातूला ‘नाक़िस’, म्हणजे उणा, म्हणतात. इथे मज्ज़ूम करताना मोडायला पायच नसतो, कारण शेवट दीर्घ स्वरात होतो. म्हणून तो दीर्घ स्वरच ऱ्हस्व करतात. तम्शी (चालतोस) → तम्शि → म्शि → टेकू → इम्शि. तत्लू (वाचतोस) → तत्लु → उत्लु. तब्क़ा (राहतोस, उरतोस) → तब्क़ → इब्क़. शेवटचा धातू आपल्या ‘बाकी’चा.

लिहिताना दीर्घ स्वराचं अक्षर दिसेनासं होतं आणि त्याच्या जागी नुसतं स्वरचिन्ह राहतं. छापील मजकुरात स्वरचिन्हं बहुधा नसतातच. त्यामुळे ‘उत्लु’ कागदावर अलिफ, ता, लाम असं तीन अक्षरी दिसतं आणि नवखा वाचक शब्दकोशात अ-त-ल शोधत बसतो. सुरुवातीचा अलिफ टेकू असू शकतो, हा संशय कायम जवळ बाळगा.

पुरुषाला सांगताना शेवटी या लिहिला तर बिघडतं का?

बिघडतं. तो स्त्रीला दिलेला हुकूम होतो. स्त्रीचं मज्ज़ूम तम्शी (तम्शीनमधला न गेला), त्यापासून इम्शी, आणि यातला ई ‘तू, बाई’चा, म्हणून तो राहतोच. पुरुषाला इम्शि, या नाही. स्त्रीला इम्शी, या आहे. स्वरचिन्हं नसलेल्या लिखाणात तो एक या म्हणजेच सगळा फरक.

ही चूक अरब माणसंही सर्रास करतात, कारण बोलीत तो स्वर दीर्घच ऐकू येतो. सगळ्यांत जास्त दिसते ती दरूदमध्ये, म्हणजे पैगंबरांसाठीच्या प्रार्थनेत. ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद्’ यात सल्लि हा आज्ञार्थ आहे: तुसल्ली → तुसल्लि → सल्लि (सला स्वर आहे, टेकू नको). शेवटी या लिहायचा नाही. मोबाइलवरच्या शुभेच्छांमध्ये तो कितीतरी वेळा लिहिलेला असतो, आणि व्याकरणाने बघितलं तर ते संबोधन स्त्रीला होतं. मी स्वतः एकदा कामावरच्या एका पुरुष सहकाऱ्याला ‘चालू लाग’ असं या लावून लिहून पाठवलं होतं. त्याने उत्तरात फक्त एक लिपस्टिकचं चित्र पाठवलं.

‘इम्शू’ का? शला तर ऊ आहे, मग ‘उम्शू’ नको का?

टेकूचा स्वर ठरवताना मूळचा मधला स्वर बघायचा, प्रत्ययामुळे आलेला नाही. तम्शीमध्ये शला मुळात इ आहे. बहुवचनाचा ऊ आला आणि त्याने इ आणि या दोघांना ढकलून दिलं: तम्शून → तम्शू → इम्शू. टेकू जुन्या इ-लाच धरून राहतो.

उलट बाजूलाही तेच. ‘वाच’चं स्त्रीरूप उत्ली. लला आता ई दिसतो, पण मूळ तत्लू, म्हणून टेकू उ. गोंधळ टाळायचा सोपा मार्ग असा की टेकू नेहमी एका पुरुषाच्या रूपावरून ठरवा आणि तोच पाचही रूपांना लावा.

‘इब्क़ौ’ हे औ-वालं रूप कुठून आलं?

ज्यांचं वर्तमान आ-ने संपतं त्यांच्यात हे होतं. तब्क़ामधला आ निघताना मागे आपला अ ठेवून जातो. त्या अ-ला बहुवचनाचा ऊ भेटला की औ, स्त्रीलिंगाचा ई भेटला की ऐ. म्हणून इब्क़, इब्क़ै, इब्क़या, इब्क़ौ, इब्क़ैन. अ अधिक उ म्हणजे ओ, हा संधी शाळेत झालेल्या आपल्या कानाला यात नवल वाटू नये. ‘इब्क़ू’ म्हणणं ही इथली नेहमीची चूक, आणि ती इम्शूच्या सवयीतून येते.

‘कुल्’ (खा) आणि ‘ख़ुज़्’ (घे) हेही दोन अक्षरी. ते कोणत्या गटात?

कुठल्याच नाही. त्यांच्या धातूंत सुरुवातीला हम्ज़ा आहे (अकल, अख़ज़) आणि मज्ज़ूममध्ये तो टिकतो: तअ्कुल्. आज्ञार्थातच तो जातो. म्हणजे वरची कृती या दोघांना लागू पडत नाही, ते सरळ पाठ करायचे. बहुवचन कुलू, क़ूलूसारखं लांबत नाही.

इथे नुक्त्याचं महत्त्व कळतं. क़ुल् म्हणजे म्हण, कुल् म्हणजे खा. आपल्याकडे घरोघरी ‘चार कुल’ म्हणतात, त्या क़ुल्ने सुरू होणाऱ्या १०९, ११२, ११३ आणि ११४ या चार छोट्या सूरा. देवनागरीत लिहिताना नुक्ता गाळला तर त्यांचं काय होतं ते आता सांगायला नको.

पहिलं आणि शेवटचं, दोन्ही अक्षरं दुर्बल असतील तर?

मग दोन्ही नियम एकदम चालवा. व-क़-य म्हणजे राखणे, वाचवणे. पहिला वाव वर्तमानातच गळाला: यक़ी. मज्ज़ूममध्ये शेवटचा ई आखूड झाला: तक़ि. त काढला: क़ि. एक अक्षर, एक स्वर, पूर्ण वाक्य: ‘वाचव’.

स्त्रीला क़ी, दोघांना क़िया, अनेकांना क़ू, स्त्रियांना क़ीन. ६६:६ मध्ये ‘क़ू अन्फ़ुसकुम्’, ‘स्वतःला वाचवा’, असं येतं. आणि ‘रब्बना आतिना…’ ही दुआ ज्यांना पाठ आहे, त्यांनी हे एकाक्षरी रूप हजारदा उच्चारलेलं असतं. तिच्या शेवटी ‘व क़िना अज़ाबन्-नार’ आहे: व म्हणजे आणि, क़ि म्हणजे वाचव, ना म्हणजे आम्हांला.

एकटा क़ि बोलून थांबायची वेळ आली तर अडचण होते, कारण अरबीत थांबताना शेवटचा ऱ्हस्व स्वर गाळतात, आणि तो गाळला तर नुसता क़् उरेल. तो उच्चारणार कसा? म्हणून तिथे एक ह् जोडतात आणि ‘क़िह्’ म्हणून थांबतात.